पत्र्यावरचं पाणी आधी मोजा, मग टाकी बांधा

माण तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या घरी चार वर्षांपूर्वी एक ठेकेदार आला होता. त्यानं पत्र्याकडे वर पाहिलं, खिशातल्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर हिशोब लिहून दिला. घराचा पत्रा ६०० चौरस फूट, पाऊस ५०० मिलीमीटर, गुणाकार तीन लाख. वर्षाला तीन लाख लिटर पाणी छपरावरून वाया जातंय, म्हणाला. आत्यानं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. मी गेलो तेव्हा तिनं तो मला दाखवला आणि विचारलं, "अरे, एवढं पाणी येत असेल तर आपण बाग लावू की!"

तीन लाख नव्हे, तिच्या पत्र्यावरून चांगल्या वर्षात बावीस हजार लिटर पाणी मिळतं. बावीस हजार लिटरमध्ये बाग होत नाही. पण पाच माणसांचं वर्षभराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी भागतं, आणि उरतंही. हा फरक आधी कळला नाही तर माणूस भलतीच टाकी बांधतो, भलत्याच कामासाठी बांधतो, आणि दोन वर्षांनी त्या टाकीत कडबा भरून ठेवतो. अशा टाक्या मी पाहिल्या आहेत. म्हणून सांगतो, टाकीवर पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ काढा, हातात टेप घ्या आणि आपल्या छपराचा हिशोब आपणच करा.

हिशोबाचं मूळ एवढंच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होतं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि मिलीमीटरभर उंच असा पाण्याचा थर डोळ्यांसमोर आणा, तो ओतून मोजला तर एक लिटर भरतो. म्हणून छपराचे चौरस मीटर गुणिले पावसाचे मिलीमीटर केले की लिटर मिळतात. ठेकेदाराची चूक इथेच होती. आपण घर फुटात मोजतो आणि पाऊस मिलीमीटरमध्ये ऐकतो, आणि दोन्ही आकडे सरळ एकमेकांना गुणतो. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात. फुटांचे मीटर न करता गुणलं की उत्तर जवळजवळ अकरा पट फुगतं. गवंड्यांच्या भाषेत सांगायचं तर एक ब्रास छपरावर, म्हणजे १०० चौरस फुटांवर, एक मिलीमीटर पावसाचे साधारण सव्वानऊ लिटर होतात. आत्याचा पत्रा सहा ब्रास. सहा ब्रास म्हणजे ५६ चौरस मीटर. ५६ गुणिले ५०० म्हणजे २८,००० लिटर पाणी त्या छपरावर पडतं. पडतं म्हणालो, मिळतं म्हणालो नाही. त्याकडे येतोच.

त्याआधी छपर कसं मोजायचं ते सांगतो, कारण इथेही बरेच जण फसतात. उतरत्या छपराचा पत्रा किंवा कौलं शिडी लावून आढ्यापासून वळचणीपर्यंत मोजायची नाहीत. पाऊस वरून खाली पडतो. त्याला तुमचं छपर जेवढी जमीन झाकतं तेवढंच दिसतं. उतार जास्त केला म्हणून ढग जास्त पाणी देत नाही. तेव्हा जमिनीवर उभं राहून, एका बाजूच्या पागोळ्या पडतात तिथपासून दुसऱ्या बाजूच्या पागोळ्या पडतात तिथपर्यंत टेप धरा. लांबीही तशीच घ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका, बाहेर आलेला पत्राही पाणी देतो. पागोळ्यांनी अंगणात पाडलेली खळग्यांची ओळ जुन्या घरांपुढे आयतीच असते, ती धरून मोजलं तरी चालतं. आत्याच्या घरी ती ओळ धरूनच मोजलं. तीस फूट बाय वीस फूट भरलं.

आता पडलेल्यातलं मिळतं किती. थोडं पाणी पत्रा ओला करण्यात जातं, तापलेल्या पत्र्यावर थोडं वाफ होऊन उडतं, थोडं उडून पन्हळीबाहेर पडतं, थोडं सांध्यातून गळतं. शिवाय पहिल्या सरीचं पाणी आपण मुद्दाम सोडून देतो, कारण त्यात पक्ष्यांची घाण, धूळ आणि पालापाचोळा असतो. हे सगळं धरून पत्र्याच्या छपराला साधारण ८० टक्के पाणी हाती लागतं असं समजावं. कौलांना त्याहून थोडं कमी, आणि सिमेंटच्या स्लॅबला ७० ते ७५ टक्के धरावं, कारण स्लॅब पाणी पितो आणि त्यावर डबकीही साचतात. आत्याच्या २८,००० लिटरचे ८० टक्के म्हणजे २२,४००. दुसऱ्या शब्दांत, पावसाच्या दर मिलीमीटरमागे तिला ४५ लिटर मिळतात. हा ४५ चा आकडा मी तिला पाठ करायला लावला. तुमच्या घराचाही असा एक आकडा काढा आणि दाराच्या मागे लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

पण हे ८० टक्के म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे नीट समजून घ्या. समजा एका रात्रीत ६० मिलीमीटर पाऊस धो धो पडला. पहिले दोन मिलीमीटर पत्रा भिजवण्यात आणि घाण धुण्यात गेले, उरले ५८. त्यातला दहावा भाग उडण्या-गळण्यात गेला तरी आत्याच्या टाकीत २,९०० लिटरच्या वर पाणी येईल. आता तोच ६० मिलीमीटर पाऊस वीस वेळा तीन-तीन मिलीमीटर करत, मधे पत्रा वाळवत पडला असं धरा. प्रत्येक वेळी दोन मिलीमीटर गेले आणि एकच उरला. वीस वेळचे मिळून हजारभर लिटर. सरकारी नोंदीत दोन्हीकडे पाऊस ६० मिलीमीटर, टाकीत मात्र तिप्पट फरक. पहिल्यात ८७ टक्के मिळालं, दुसऱ्यात ३०. वर्षभराच्या सगळ्या सरींची सरासरी म्हणून आपण ८० धरतो. ज्या गावात पाऊस नुसता भुरभुरतो तिथे हा आकडा खाली आणावा, ७० धरावा, हरकत नाही. कमी धरलेल्याचा पश्चात्ताप होत नाही.

पाऊस किती धरायचा, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथल्या चुकीनं होतं. लोक सरासरी धरतात. सरासरी ५०० असली तरी माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ती हुकते किती तरी वेळा, आणि ज्या वर्षी हुकते त्याच वर्षी आपल्याला टाकीची गरज असते. म्हणून आपल्या महसूल मंडळाच्या मागच्या दहा वर्षांच्या पावसाच्या नोंदी मागून घ्या. तहसील कचेरीत किंवा कृषी कार्यालयात विचारलं की त्या कुठे मिळतील ते कळतं. तालुक्याचा आकडा नको, मंडळाचा घ्या, कारण एका डोंगराच्या दोन बाजूंना पावसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्या दहा आकड्यांतला सगळ्यांत लहान नाही तरी खालून दुसरा-तिसरा धरा. आत्यासाठी आम्ही ३०० मिलीमीटर धरला. ३०० गुणिले ४५ म्हणजे साडेतेरा हजार लिटर.

आता गरज. पाच माणसं, पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज दोन मोठे हंडे, म्हणजे ४० लिटर. आंघोळ, कपडे, जनावरं यांत धरली नाहीत, त्यांचं पाणी विहिरीचं. ३६५ दिवसांचे १४,६०० लिटर होतात. ५०० मिलीमीटरच्या वर्षी हे आरामात भागतं. ३०० च्या वर्षी साधारण महिन्याभराचं पाणी कमी पडतं. म्हणजे वाईट वर्षीसुद्धा टँकरची वाट पाहणं फार तर मे महिन्यात, एक महिना. हे मी आत्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एक महिना कमी पडतं, हे आधी ठाऊक असलं म्हणजे झालं. पाहुण्यांना मी मेमध्ये बोलावणार नाही."

टाकी केवढी, याचा निर्णय वर्षाच्या एकूण पाण्यावरून करू नका. पावसाळ्यात टाकी भरते तशी वापरलीही जाते, त्यामुळे सगळं वर्ष तिच्यात साठवावं लागत नाही. साठवावा लागतो तो कोरडा काळ. आमच्या भागात जून-जुलैत लहान सरींवरच भागवावं लागतं. खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. हत्तीचा पाऊस संपला की पुढच्या मृगापर्यंत आकाशाकडे बघायचं नाही. १० ऑक्टोबर ते ७ जून हे २४० दिवस झाले. रोज ४० लिटर म्हणजे ९,६०० लिटर. म्हणून टाकी १०,००० लिटरची. याहून मोठी बांधली असती तर सिमेंट जास्त लागलं असतं आणि निम्मी वर्षं ती भरली नसती. याहून लहान बांधली असती तर हस्ताचं पाणी वाहून गेलं असतं आणि एप्रिलमध्ये हंडे रिकामे झाले असते.

कोकणातल्या वाचकांनी हाच हिशोब उलटा करून बघावा. तिथे तीन हजार मिलीमीटर पाऊस धरला तर एवढ्याच छपरावरून सव्वा लाखाच्या वर लिटर पाणी वाहतं. पण दहा हजारांची टाकी तर पहिल्या सव्वादोनशे मिलीमीटरमध्येच भरली, म्हणजे जून सरायच्या आतच. पुढचं सगळं ओसंडून गेलं. तिथे छपर मोजून फारसं काही कळत नाही. तिथे प्रश्न टाकीचा आणि शेवटच्या पावसानंतरच्या दिवसांचा. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी वाड्या एवढा पाऊस झेलून एप्रिलमध्ये कोरड्या पडतात, त्या याचमुळे. टाकी भरल्यावरचं पाणी तिथे निदान विहिरीकडे वळवावं.

शहरातल्या सोसायट्यांनाही एक खरा आकडा सांगतो, कारण तिथेही तीन लाखांचे कागद फिरतात. पुण्यातली सोळा सदनिकांची इमारत घ्या, गच्ची ३,००० चौरस फूट. म्हणजे २७९ चौरस मीटर. पाऊस ७०० मिलीमीटर, स्लॅबचे ७५ टक्के. वर्षाला १,४६,००० लिटर येतात. घरटी चार माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर हे शहरी माप धरलं तर इमारतीला रोज ८,६४० लिटर लागतात. सगळं मिळून सतरा दिवसांचं पाणी झालं. सतरा दिवस म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा-पंधरा टँकर. त्यासाठी गाळणी करून पाणी बोअरकडे किंवा पावसाळ्यात थेट फ्लशच्या टाकीकडे न्यायचं असेल तर जरूर न्या. पण यामुळे टँकर कायमचा बंद होईल असं सर्वसाधारण सभेत सांगू नका. पुढच्या उन्हाळ्यात टँकर आला की लोक ती पन्हळच काढून टाकायला सांगतात.

हिशोब झाला, टाकी बांधली, तरी काम संपत नाही. कागदावरचं पाणी टाकीत येतंय की नाही हे तपासावं लागतं, आणि ते तपासणं फार सोपं आहे. आत्याची टाकी गोल आहे, आतून व्यास २.४ मीटर. त्रिज्या १.२ मीटर, तिचा वर्ग करून ३.१४ नं गुणलं की तळ साडेचार चौरस मीटरचा येतो. म्हणजे टाकीत एक सेंटीमीटर पाणी चढलं की ते ४५ लिटर. आणि छपर देतं मिलीमीटरला ४५ लिटर. योगायोगानं हिशोब असा जुळला की अंगणात जेवढे मिलीमीटर पाऊस, टाकीत तेवढे सेंटीमीटर पाणी. तुमचं असं जुळेलच असं नाही, पण तुमच्या टाकीच्या सेंटीमीटरचे लिटर काढून ठेवा.

पाऊस मोजायला सरळ उभ्या भिंतीचा, तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचं असलेला प्लास्टिकचा डबा लागतो. भगुलं किंवा निमुळती बादली चालत नाही, तोंड रुंद आणि तळ अरुंद असला की पाणी जास्त उंच दिसतं. डबा अंगणात उघड्यावर, झाड आणि भिंत यांपासून लांब, वाऱ्यानं पडणार नाही असा ठेवा. सकाळी साडेआठला फूटपट्टीनं मोजा. सरकारी पर्जन्यमापकाची वेळही साडेआठच आहे, म्हणजे मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. त्याच वेळी टाकीचं पाणी मोजा. आदल्या सकाळपासून टाकीतून काढलेलं पाणी त्यात मिळवायला विसरू नका.

टाकी बांधल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात असं झालं. आदल्या दिवशीच्या सरींनी पत्रा धुऊन निघालेला, रात्री डब्यात बरोबर २० मिलीमीटर पाऊस, आणि टाकीत वाढ फक्त ११ सेंटीमीटर. २० च्या आसपास हवी होती. आत्याला वाटलं टाकी गळते. पण टाकी गळत असती तर कोरड्या दिवशीही पातळी उतरली असती, आणि ती उतरत नव्हती. कमतरता जवळजवळ निम्म्याची होती. छपर दोन बाजूंना उतरणारं, म्हणजे एका बाजूचं पाणी येतच नसावं असं मला वाटलं. पुढच्या पावसात डोक्यावर पोतं घेऊन मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मागच्या पन्हळीची मधली कडी निसटून ती मध्यावर खाली वाकली होती. पाणी नळाच्या तोंडाकडे जाण्याऐवजी मधेच जमून कडेवरून खाली शेणाच्या उकिरड्यावर पडत होतं. समोरून घर पाहणाऱ्याला हे दिसलंच नसतं. दुसऱ्या दिवशी कडी ठोकली, दोऱ्यानं पाहून पन्हळीला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार दिला. त्यानंतरच्या १५ मिलीमीटरच्या पावसाला टाकी साडेपंधरा सेंटीमीटर चढली.

एक लक्षात ठेवा. कमतरता निम्म्याची असली तर एखादी बाजूच तुटली आहे. लहान सरींत हिशोब जुळतो आणि मोठ्या पावसातच पाणी कमी भरतं असं दिसलं तर पन्हळ किंवा खाली येणारा पाइप अरुंद आहे. जोराच्या पावसात तासाला ६० मिलीमीटर सहज पडतो, म्हणजे मिनिटाला एक. एवढ्या वेळी आत्याच्या पत्र्यावरून मिनिटाला ५६ लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक लिटर पाणी येतं. अरुंद पन्हळ ते वाहून नेऊ शकत नाही, पाणी कडेवरून उडी मारतं. आणि उलट, मोठ्या पावसात जुळतं पण लहान सरी नेहमी कोरड्याच जातात असं दिसलं, तर पहिलं पाणी सोडायचा नळ कुणीतरी उघडाच ठेवला आहे. पहिलं पाणी किती सोडायचं तर मिलीमीटरभर, म्हणजे आत्याच्या घरी तीन-चार बादल्या. लांब उघाड पडली असेल तर त्याच्या दुप्पट. रोज पाऊस असेल तर रोज सोडायची गरज नाही.

टाकीला घट्ट झाकण आणि पाइपाच्या तोंडांना बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पिण्यासाठी पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून घ्या. पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल किंवा त्यावर जुना रंग सुटत असेल तर ते पाणी पिऊ नका, धुण्या-भांड्याला ठेवा.

मृग लागायच्या आधी टेप घेऊन अंगणात उतरा, आणि हस्त संपला की टाकी किती भरली ते लिहून ठेवा. आत्याकडे ॲल्युमिनिअमची एक नळी आहे, फक्त टाकीत बुडवण्यासाठी ठेवलेली, धुऊन खुंटीला टांगलेली असते. तिच्यावर आम्ही कानशीनं खुणा केल्या आहेत. टाकी १० ऑक्टोबरला पूर्ण भरली तर पाणी २२१ सेंटीमीटर. २६ जानेवारीला १२६ पाहिजे. १ मेला ४२. नळ तळापासून १० सेंटीमीटर वर बसवलाय, गाळ खालीच राहावा म्हणून, आणि ७ जूनला पाणी त्या नळाशी येऊन टेकतं, एखादा दिवस इकडे तिकडे. यंदा २६ जानेवारीला आत्यानं फोन केला. नळी ११९ वर ओली झाली होती. सात सेंटीमीटर कमी, म्हणजे तीनशे पंधरा लिटर, म्हणजे आठ दिवसांचं पाणी. "संक्रांतीला पाहुणे होते ना," ती म्हणाली, "ते त्यांचंच. आता एप्रिलपर्यंत डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला."